धुंधुरमासातल्या पहाटपूजेसाठी नवी भूपाळी लिहिताना

प्रश्न : आमच्या गावी विठ्ठलमंदिरात कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत काकडा असतो आणि पुढे धुंधुरमासातही पहाटे पाचला पूजा होते. धुंधुरमासासाठी नवी भूपाळी लिहावी असं मंडळाच्या मनात आहे. उजेडाचं वर्णन हवं, चाल संथ हवी. मी अभंगाच्या मापात लिहून पाहिलं : ‘सोन्याच्या किरणी । फाकला प्रकाश । उजळे आकाश । पंढरीचे ॥’ वाचायला बरं वाटतं, पण मंडळ म्हणायला लागलं की रडत-ओढत चालल्यासारखं होतं. चूक चालीत आहे की शब्दांत?

उत्तर :

चूक शब्दांत आहे. चाल बदलून ती झाकली जाईल, जाणार नाही. मी गेली बरीच वर्षं भजनी मंडळांना पदं लिहून देते. मंडळं म्हणतात ‘ओढल्यासारखं होतंय’, तेव्हा बहुतेक वेळा दोष चरणाच्या शेवटच्या अक्षरात सापडतो.

तुमचं माप बरोबर आहे. मोठ्या अभंगाचं सहा-सहा-सहा-चार, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. पण तुमचे मधले दोन्ही चरण ‘श’वर संपतात. मोजताना ‘प्रकाश’ची अक्षरं तीन धरली, उच्चारात शेवटचा ‘अ’ जवळजवळ नसतोच. जलद चालीत हे खपून जातं, कारण ‘श’ म्हणता म्हणता पुढचा चरण सुरू होतो. संथ चालीत मात्र चरण संपल्यावर दोन मात्रा उरतात आणि त्या भरायला गळ्याला स्वर लागतो. मग निम्मं मंडळ ‘प्रका‑आ‑आ‑श’ म्हणून ‘श’ शेवटी टाकतं, निम्मं ‘प्रकाश‑अ‑अ’ म्हणून नसलेला ‘अ’ ताणतं. दोन्ही एकदम ऐकू आले की रडगाणं होतं. ‘आकाश’ला पुन्हा तेच. तुमचा पहिला आणि चौथा चरण ऐका, ‘किरणी’ आणि ‘पंढरीचे’. तिथे कुणी अडखळत नसणार.

म्हणून पहाटेच्या पदात चरणाचा शेवट आ, ई, ऊ, ए, ओ यांपैकी कशावर तरी असावा. त्यातही ‘आ’ आणि ‘ए’ सोपे. झोपेतून उठलेल्या गळ्याला ‘ई’ वरच्या स्वरावर चिरकते, तेव्हा ‘ई’ ठेवायची तर चाल खाली असेल तिथे. आता उजेडाचे आपले नेहमीचे शब्द बघा : प्रकाश, उजेड, ज्योत, वात, दीप. सगळे व्यंजनावर मिटणारे! ते टाकायचे नाहीत, त्यांना प्रत्यय लावायचा. उजेडाने, ज्योती, वाती, दीपाला. जुन्या संतकवींच्या रचनांत ‘नयनी’, ‘अंतरी’, ‘चरणा’ अशी रूपं पावलोपावली येतात. त्यात जुन्या भाषेचा वाटा आहेच, पण ती गाण्यासाठी केलेली सोयही आहे.

दुसरी गोष्ट सूर्याची. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्योदय सातच्या आसपास होतो. अरुणोदय म्हणजे सूर्योदयाआधी चार घटका, म्हणजे 96 मिनिटं. तो साडेपाचला येतो. तुमची पूजा पाचला, म्हणजे आकाश काळं आहे, किरण नाहीत, पूर्वेला काही फाकलेलं नाही. आश्विन-कार्तिकात सूर्य जरा लवकर येतो, त्यामुळे काकड्याच्या पदांत ‘अरुणोदय झाला’ म्हटलेलं तितकं खोटं वाटत नाही. धुंधुरमासात ते खोटं वाटतं. त्या वेळी खरा उजेड देवळात एकच, काकड्याचा : पिळलेल्या कापडाची जाड वात, तुपात भिजवलेली. तिचा उजेड सोनेरी कमी आणि तांबूस जास्त असतो, हलत असतो, आणि चार-पाच हातांपलीकडे पोचत नाही. पद याच उजेडाचं लिहा. ‘सुवर्ण’, ‘तेज’, ‘झळाळी’, ‘कोटी सूर्य’ हे शब्द दुपारच्या आरतीला ठेवा.

बरेच जण उजेडाचं वर्णन म्हणजे उजेडासाठी विशेषणं शोधणं असं धरून चालतात. त्याने पद जड होतं. उजेड कशावर पडला ते सांगितलं की पुरतं. पुजारी काकडा ओवाळतो तेव्हा तो खालून सुरू करतो. आधी उंबरा दिसतो, मग वीट आणि पावलं, मग कमरेवरचे हात, शेवटी मुख. ज्या क्रमाने लोक देव पाहतात त्याच क्रमाने कडवी आली, की गाणाऱ्याला पाठांतराचीही चिंता उरत नाही. समोर दिसेल तेच म्हणायचं.

आता तुमचंच माप घेऊन एक पद बांधून दाखवते. ध्रुपद असं :

जागी हो माउली । काकडा लाविला ।
उंबरा नाहला । उजेडाने ॥

‘ली, ला, ला, ने’, चारही चरण उघडे. जोडाक्षर एकही नाही. ध्रुपद सगळ्यांत जास्त वेळा म्हटलं जातं आणि मागे बसलेल्या, पद न पाहिलेल्या माणसालाही ते उचलता आलं पाहिजे, म्हणून जोडाक्षरं मी ध्रुपदात टाळतेच. पहिल्या खर्ड्यात तिसरा चरण ‘गाभारा भरला’ असा होता. तोही मापात बसतो. पण पदाच्या सुरुवातीलाच गाभारा उजेडाने भरून टाकला तर पुढच्या कडव्यांना दाखवायला काय उरलं? म्हणून उजेड उंबऱ्यावरच थांबवला.

पहिलं कडवं पावलांचं. माझी पहिली ओळ होती ‘आधी दिसे वीट, मग पाय नीट’. यमक घट्ट, अर्थ स्पष्ट, आणि गायला अशक्य. ‘ट’वर दोन मात्रा थांबून दाखवा. तिथे हवाच अडते. मग हे केलं :

विटेवरी आधी । पाउले दिसली ।
सावली हालली । भिंतीवरी ॥

इथे ऊब किंवा सोनं कुठेच नाही, तरी ज्योत दिसते, कारण हलणाऱ्या सावलीखेरीज हलती ज्योत दाखवायचा दुसरा सोपा मार्ग नाही. विजेच्या दिव्याखाली सावली हलत नाही. (गाभाऱ्यात ट्यूबलाइट असेल तर काकडा होईपर्यंत ती बंद ठेवायला पुजाऱ्यांना सांगा. नाहीतर हे कडवं लिहून उपयोग नाही.)

दुसरं कडवं थंडीचं. पंढरपुरात थंडीच्या दिवसांत विठ्ठलाला शाल, कानपट्टी अशी ऊबदार वस्त्रं घालतात आणि गावोगावच्या देवळांतही देवाला शाल पांघरतात. ही या मोसमाची खास खूण आहे, ती सोडू नये.

शालीच्या घडीला । तांबडा फुलोरा ।
थरथरे वारा । दारापाशी ॥

गारठा म्हणायचा तर माणसाला कुडकुडवायची रीत आहे, दात वाजवायची, धुक्याची. मी इथे वाऱ्यालाच थंडी वाजवली आहे आणि त्याला दाराबाहेर ठेवलं आहे. आतला तांबडा आणि बाहेरचा गार असे दोन भाग एका कडव्यात आले की ऊब वेगळी सांगावी लागत नाही. ‘घडीला’मधल्या ‘ला’वर मंडळ सहज थांबेल. ‘शालीच्या’मधलं ‘च्या’ हे जोडाक्षर असलं तरी ते चरणाच्या मध्ये आहे, आणि रोजच्या बोलण्यातलं आहे. अडत नाही. ‘प्रज्वलित’, ‘स्निग्धोज्ज्वल’ असलं काही असतं तर अडलं असतं.

तिसरं कडवं मुखाचं. काकडा वर जातो तो क्षण :

काकडा चढता । मुखाची सावळी ।
उजळे पाकळी । हळूहळू ॥

‘सावळी’ आणि ‘पाकळी’ दोन्ही ‘ई’वर संपतात. म्हणून या दोन चरणांची चाल मी गंधाराच्या वर नेणार नाही. चौथा चरण ‘हळूहळू’ मात्र अगदी खाली, षड्जावर आणून सोडते.

चौथं कडवं नैवेद्याचं. धुंधुरमासात मुगाची खिचडी, तिळाची बाजरीची भाकरी, लोणी, भरीत असा नैवेद्य सूर्योदयाच्या आत होतो. गावातली अर्धी पोरं त्यासाठीच उठतात.

मुगाची खिचडी । वाफेचा उमाळा ।
लोणियाचा गोळा । केळीपानी ॥

इथे उजेड नाही, वाफ आहे. चारही कडव्यांत दिवा ठेवला असता तर तिसऱ्यापर्यंत कान कंटाळले असते. ‘लोण्याचा’ न म्हणता ‘लोणियाचा’ म्हटलं ते मापासाठी. जुन्या अभंगांत अशी फोड करतात आणि भजनी कानाला ती ओळखीची आहे. एका पदात एखाद्याच ठिकाणी करा, नाहीतर जुनेपणाचं सोंग वाटतं. शेवटी नाममुद्रा घालावी का, असं बरेच जण विचारतात. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ घालू नका, ते त्यांचं आहे. स्वतःचं नाव घालायचं धाडस असेल तर घाला. मी घालत नाही.

आता लय. संथ म्हणजे किती, यावर मंडळात भांडणं होतात, म्हणून मी श्वासावरून ठरवते. आठ मात्रांचा भजनी ठेका किंवा धुमाळी धरा. सहा अक्षरांचा एक चरण एका आवर्तनात : सहा मात्रांना सहा अक्षरं, उरलेल्या दोन मात्रा शेवटच्या स्वरावर, आणि त्यातच श्वास. चौथ्या चरणात चार अक्षरं, म्हणजे चार मात्रा मोकळ्या. तिथे सगळ्यांना पुरता दम घेता येतो, आणि हे माप संथ गाण्याला इतकं मानवतं ते त्यामुळेच. मिनिटाला साठ मात्रा ठेवल्या तर एक चरण आठ सेकंदांचा होतो. पहाटेच्या थंडीत, न शिकलेल्या गळ्याला सहा सेकंद गाऊन दोन सेकंदांत श्वास घेणं जमतं. पंचेचाळीसवर आलात तर तोच चरण साडेदहा सेकंदांच्या वर जातो, लोक चरणाच्या मध्येच श्वास घेतात आणि ‘सावली हा – लली’ असे शब्द तुटतात. शब्द तुटायला लागले की लय जास्त उतरली असं समजा. माझ्या हिशेबात पंचावन्न ते पासष्ट ही पट्टी बरी. एक कडवं बत्तीस मात्रांचं. बुवांनी एकदा, मंडळाने एकदा आणि मग ध्रुपद, असं धरलं तर कडव्यामागे दीड मिनिटाच्या थोडं वर जातं. सुरुवातीचं ध्रुपद दोनदा धरून सगळं पद सात-साडेसात मिनिटांत होतं. एवढ्या वेळात काकडा सावकाश ओवाळून होतो. पाच-सहा कडवी लिहायचा मोह आवरा, कारण काकडा खाली ठेवल्यावर उजेडाचं पद म्हणत बसणं विचित्र दिसतं.

लय उलट्या बाजूलाही बिघडते. आपल्या भजनात शेवटाकडे लय चढवायची सवय हाडीमाशी भिनलेली आहे आणि पखवाजवाल्याचे हात थंडीने आखडलेले असले की ते गरम करायला तो नकळत वेग घेतो. पहिल्या ध्रुपदाला आणि शेवटच्या ध्रुपदाला घड्याळ लावा. बत्तीस सेकंदांचं ध्रुपद शेवटी पंचवीसवर आलेलं दिसलं, तर पद पळालं. उपाय एवढाच, की पहिली दोन कडवी पखवाजावर फक्त सम आणि खाली दाखवायची, भरणा नाही, आणि टाळ तळहातात दाबून मिटता वाजवायचे. मोकळ्या टाळांचा झणत्कार छोट्या देवळात शब्द खाऊन टाकतो. पखवाज आधीपासून घोंगडीत गुंडाळून ठेवा आणि सूर पूजेच्या ऐन आधी मिळवा. पहाटेच्या दमट हवेत पुडी सैल पडते, रात्री मिळवून ठेवलेला सूर पाचपर्यंत उतरलेला असतो. शेकोटीजवळ नेऊन पुडी तापवू नका. ती तेवढ्यापुरती चढते आणि पदाच्या मध्यावर पुन्हा उतरते.

पट्टीही खाली घ्या. संध्याकाळच्या भजनाला मंडळ काळी दोनमध्ये गात असेल तर पहाटे काळी एकमध्ये गावं. पहाटे गळा खाली असतो. बायका जास्त असतील तर त्यांच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा असंच एक स्वर उतरून बघा.

चालीबद्दल तुम्ही फार विचारलेलं नाही, पण शब्दांशी तिचा संबंध आहे म्हणून सांगते. भूपाळ्या आपल्याकडे भूपाच्या अंगाने गायची रीत आहे. शास्त्रात भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर घेऊन सकाळचा राग होतो तो देसकार. देसकारात वजन धैवतावर, भूपात गंधारावर. जाणकार पाहुणे येऊन ‘पहाटे भूप कसा?’ म्हणतील, तर म्हणू द्या. थंडीत, न तापलेल्या गळ्यांनी, धैवताभोवती आणि तार षड्जाकडे झुकणारी चाल मंडळाला पेलत नाही, ओरडा होतो. गंधाराभोवती फिरणारी चाल सगळ्यांना पेलते. मी ध्रुपद मंद्र धैवतापासून गंधारापर्यंत ठेवते, पंचम पहिल्यांदा तिसऱ्या कडव्यात ‘काकडा चढता’ला लावते, तोही एकदाच. शब्द चढतो तिथे चाल चढते आणि ‘हळूहळू’ला खाली येते. तार षड्ज पदात कुठेच नाही.

लिहिलेलं पद घरी दुपारी गाऊन पारखू नका. दुपारी सगळी पदं चांगली वाटतात. पहाटे पाचला देवळातच, नुसत्या काकड्याच्या उजेडात, कागद न घेता म्हणायला सांगा. जिथे दोघं-तिघं एकदम गप्प होतात तो शब्द बदला. जिथे लोक आपणहून दुसराच शब्द घालतात तिथे बहुधा त्यांचाच शब्द बरा असतो, मापात बसला तर तो घ्या. तुमचं मूळ कडवंही वाया घालवू नका. ‘फाकला प्रकाश’ काढून ‘पंढरीचे’ ठेवलं आणि मधले दोन चरण उघडे केले, तर अरुणोदयानंतर, नैवेद्य झाल्यावर बाहेर येताना म्हणायला ते बसेल. तेव्हा आकाश खरोखर उजळत असतं.

पद संपल्यावर लगेच गजराला लय चढवू नका. ‘विठ्ठल विठ्ठल’ त्याच साठच्या लयीत निदान चार आवर्तनं म्हणा, पुजाऱ्यांनी काकडा खाली ठेवला की मग पखवाजवाल्याला मोकळं सोडा. तेवढा वेळ त्याने हात आवरलेले असतात.